‘कळविण्यात येते’चा कर्ता कोण?

मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यासारख्या गावात माणूस पहिला औपचारिक मजकूर लिहितो तो बहुधा अर्जाचा. जातीचा दाखला, रेशनकार्डात नाव चढवणे, रोजगार हमीचे काम, उन्हाळ्यात पाण्याचा टँकर, जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातली एखादी योजना. कारण कुठलेही असो, अर्जाचा साचा एकच असतो. वर ‘विषय: अमुक मिळणेबाबत’, खाली ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून’, आणि शेवटी ‘योग्य ती कार्यवाही व्हावी ही विनंती’. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, कागदावरचा जिल्हा बदलला, पण साचा तोच राहिला. तलाठी कार्यालयाबाहेर अर्ज लिहून देणाऱ्यापासून शाळेच्या शिक्षकांपर्यंत सगळ्यांना तो पाठ असतो, आणि गावात शिकलेल्या मुलीला बचत गटाची सचिव केले की ती हाच साचा घेऊन कामाला लागते.

अर्जापुरता हा साचा ठीक आहे. अडचण होते ती धंद्यात. गट नाचणीचे पीठ विकायला लागतो, नाशिक किंवा मुंबईतला खरेदीदार ईमेलवर भाव विचारतो, आणि उत्तर जाते ते अर्जाच्या भाषेत. अर्ज करणारा मागत असतो, निर्णय दुसऱ्याच्या हातात असतो. म्हणून अर्जात स्वतःचे क्रियापद फारसे लागत नाही. विक्रेत्याचे तसे नाही. तो माल देणार असतो, तारीख सांगणार असतो, पैसे मागणार असतो. प्रत्येक वाक्यात त्याला काहीतरी करायचे असते. अर्जाच्या भाषेत नेमका तोच दिसेनासा होतो.

बोलण्यापेक्षा प्रत्यक्ष मजकूर पाहू. समजा, नाशिकच्या एका खाद्यपदार्थ बनवणाऱ्या कंपनीने पोशेऱ्यातल्या गटाकडे 4 तारखेच्या ईमेलने 300 किलो नाचणीचे पीठ मागितले. भाव किलोला 80 रुपये, म्हणजे एकूण 24,000 रुपये. निम्मे आगाऊ, निम्मे माल मिळाल्यावर 30 दिवसांत. हा नमुना मी रचला आहे, पण त्यातला एकही शब्दप्रयोग नवा नाही. गटाचे उत्तर असे:

“विषय: नाचणी पीठ पुरवठा करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की, आपल्या दि. 4 रोजीच्या ई-मेलद्वारे करण्यात आलेल्या मागणीच्या अनुषंगाने आमच्या गटामार्फत नाचणी पिठाच्या पुरवठ्याबाबतची कार्यवाही सुरू करण्यात आलेली असून, धान्याच्या साफसफाईची व दळणाची प्रक्रिया पूर्ण झाल्यानंतर मालाची रवानगी करण्यात येईल. तथापि, लेबलच्या मजकुरास मान्यता प्राप्त न झाल्याने पिशव्यांच्या छपाईचे काम प्रलंबित आहे. तरी सदर बाबतीत योग्य तो निर्णय घेण्यात येऊन आगाऊ रकमेच्या अदायगीबाबत कार्यवाही होण्यास विनंती आहे.”

व्याकरणाची चूक नाही, शुद्धलेखन बरोबर, सूर नम्र. तरीही कंपनीतल्या खरेदी अधिकाऱ्याला हे दोनदा वाचावे लागेल, आणि दोनदा वाचूनही माल कधी येणार हे कळणार नाही. लेबल कोणी मंजूर करायचे, कधीपर्यंत, आणि पैसे किती भरायचे, हेही नाही. तो बहुधा फोन करेल. त्याला वेळ नसेल तर ईमेल बाजूला ठेवेल, आणि गटाला वाटेल की कंपनीला माल नको आहे.

आता दोष नेमका कुठे आहे ते शोधू. इंग्रजी लेखनाची पुस्तके सांगतात, ‘पॅसिव्ह टाळा’. तोच सल्ला ‘कर्मणी प्रयोग टाळा’ असा मराठीत आणला तर मोठा घोटाळा होतो. ‘आम्ही पीठ पाठवले’ हे वाक्य शाळेच्या व्याकरणात कर्मणी प्रयोगाचे आहे, कारण क्रियापद ‘पीठ’ या कर्माप्रमाणे चालते. ‘आम्ही गोणी पाठवली’, ‘आम्ही पोते पाठवले’. पण यात लपवाछपवी काहीच नाही. कर्ता ‘आम्ही’ पहिल्याच शब्दात समोर उभा आहे. मराठीत भूतकाळात सकर्मक क्रिया सांगायची तर बहुतेक वेळा असेच सांगतात. हे टाळायला गेलो तर बोलणेच बंद होईल.

मोरो केशव दामले यांच्या 1911 सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून आपल्याकडे कर्मणीचे पोटभेद मांडण्याची परंपरा आहे. शाळेत आपण त्यातला एक ‘नवीन कर्मणी’ या नावाने शिकलो. त्यात कर्त्याला ‘कडून’ लागतो आणि क्रियापदाला ‘गेला’, ‘जाईल’ जोडले जाते: ‘गटाकडून पीठ पाठवले जाईल’. व्यवसायाच्या ईमेलमध्ये संशय घ्यायचा तो या प्रकाराचा, आणि त्याहून अधिक ‘-ण्यात येणे’ या रचनेचा. ‘पाठविण्यात येईल’, ‘घेण्यात आला’, ‘करण्यात आलेली असून’. यात ‘कडून’ देखील बहुधा गळून पडतो. क्रिया घडते, पण ती कोण करते हे सांगायला जागाच उरत नाही.

ही रचना सरकारी कागदात का रुळली, याला सबळ कारण आहे. शासन निर्णयावर सही एका अधिकाऱ्याची असते, पण निर्णय त्याचा व्यक्तिगत नसतो. उद्या त्याची बदली होते, निर्णय राहतो. तिथे ‘मी ठरवले’ लिहिणे चूक ठरेल. राज्यस्थापनेनंतर 1960 साली भाषा संचालनालय स्थापन झाले, 1964 साली महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला, आणि इंग्रजीत चालणारा कारभार भराभर मराठीत आणायचा होता. इंग्रजी टिपणीतली कर्त्याशिवायची वाक्ये मराठीत आणण्यासाठी ‘-ण्यात येत आहे’ हा सोयीचा साचा होता. त्याआधीच्या मोडी पत्रव्यवहाराचे वळण वेगळे होते. पेशवेकालीन हुकमी पत्रांत ‘करणे’, ‘पाठवणे’, ‘येणे’ अशी क्रियापदाची थेट आज्ञा असे. पत्र वाचणाऱ्याने काय करायचे याविषयी शंका राहत नसे. म्हणजे थेट लिहिणे मराठी पत्रलेखनाला परके मुळीच नाही. ज्याला आपण ‘औपचारिक मराठी’ म्हणतो तिचा बराच भाग गेल्या साठ-पासष्ट वर्षांत घट्ट झालेला आहे.

दुसरा दोष नामांचा. ‘पुरवठ्याबाबतची कार्यवाही’, ‘साफसफाईची व दळणाची प्रक्रिया’, ‘मालाची रवानगी’, ‘मजकुरास मान्यता’, ‘रकमेची अदायगी’. ही सगळी मुळात क्रियापदे आहेत. पुरवणे, साफ करणे, दळणे, पाठवणे, मंजूर करणे, भरणे. त्यांची नामे केली की वाक्याला क्रियापद उरत नाही, मग ‘करण्यात येणे’, ‘होणे’, ‘प्राप्त होणे’ अशी पोकळ क्रियापदे आणून भर घालावी लागते. शिकागो विद्यापीठात शिकवणारे जोसेफ विल्यम्स यांनी इंग्रजी लेखनाविषयी सांगितलेली मध्यवर्ती गोष्ट हीच आहे: वाक्यातली माणसे कर्त्याच्या जागी आणि त्यांची कृती क्रियापदाच्या जागी आली की वाक्य सोपे होते. तत्त्व मराठीलाही लागू आहे, पण मराठीत त्याला आणखी एक कारण मिळते, आणि माझ्या मते ते अधिक वजनदार आहे.

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. झाले की होणार, हो की नाही, कोणी केले, हे सगळे शेवटच्या दोन-तीन शब्दांत उलगडते. इंग्रजी वाचकाला क्रियापद वाक्याच्या सुरुवातीलाच भेटते, पुढे कितीही शेपूट असले तरी मुख्य बातमी हाती असते. मराठी वाचकाला मात्र आधीची सगळी नामे मनात धरून शेवटापर्यंत चालत जावे लागते. ‘आपल्या दि. 4 रोजीच्या ई-मेलद्वारे करण्यात आलेल्या मागणीच्या अनुषंगाने आमच्या गटामार्फत नाचणी पिठाच्या पुरवठ्याबाबतची कार्यवाही’ इथपर्यंत वाचले तरी पुढे ‘सुरू करण्यात आली आहे’ येणार की ‘करणे शक्य नाही’ हे कळत नाही. वाक्य जितके लांब, तितकी ही ताटकळ मोठी. म्हणून मराठी ईमेलमध्ये वाक्य आखूड ठेवण्याची गरज इंग्रजीपेक्षा जास्त आहे, कमी नाही.

वाक्य लांबवणारे शब्दही आपल्याकडे ठरलेले आहेत. ‘असून’, ‘तथापि’, ‘तरी’, ‘येऊन’. सर्वांत घातक ‘असून’. तो जिथे दिसेल तिथे पूर्णविराम देता येतो का पाहावे. दहातल्या नऊ वेळा देता येतो.

आता वरचे ईमेल सुधारू. आधी पेन्सिल घेऊन, किंवा पडद्यावर रंग देऊन, ‘-ण्यात’ असलेले सगळे शब्द आणि ‘कार्यवाही, प्रक्रिया, बाबत, अनुषंगाने, प्राप्त’ हे शब्द खुणावायचे. तीन वाक्यांच्या त्या मजकुरात ‘-ण्यात’ पाच वेळा आहे आणि ‘कार्यवाही’ दोनदा. मग प्रत्येक खुणेपाशी एकच प्रश्न विचारायचा: हे कोण करते, आणि कधी?

पहिली खूण ‘कळविण्यात येते की’. कोण कळवते? गट. पण ईमेल आले म्हणजे कळवलेच. हे तीन शब्द काढून टाकले तर काहीही हरवत नाही. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ देखील तसेच. विषय वर लिहिलेला आहे.

दुसरी खूण ‘करण्यात आलेल्या मागणीच्या अनुषंगाने’. कोणी मागितले? कंपनीने. किती? इथे लिहिणारी सचिव थबकते, कारण आकडा मूळ मजकुरात आलेलाच नाही. ‘मागणीच्या अनुषंगाने’ लिहिताना 300 किलो लिहायची गरज भासली नव्हती. ‘तुम्ही मागितलेले’ लिहायला घेतले की लगेच पुढचा शब्द ‘किती’ होतो.

तिसरी खूण ‘कार्यवाही सुरू करण्यात आलेली असून’. गटाने नेमके काय केले? धान्य साफ केले, खडे आणि कोंडा काढला. दळण अजून व्हायचे आहे. ते कधी? मूळ वाक्याने ‘प्रक्रिया पूर्ण झाल्यानंतर’ म्हणून सुटका करून घेतली होती. आता गटाला बसून ठरवावे लागते: लेबल 10 तारखेला मंजूर झाले तर छापखाना चार दिवसांत पिशव्या देईल. त्याच 14 तारखेला दळण सुरू करता येईल, म्हणजे पीठ फार दिवस पडून राहणार नाही. 15 ते 17 भरणी. 18 ला सकाळी गाडी.

मला या पद्धतीचे मोल सर्वांत जास्त इथे जाणवते. थेट क्रियापद लिहायला बसले की न घेतलेले निर्णय उघडे पडतात. ‘रवानगी करण्यात येईल’ लिहिणाऱ्याला तारीख ठरवावी लागत नाही. ‘आम्ही पाठवू’ लिहिले की वाक्य आपणहून ‘कधी’ विचारते. त्यामुळे पुष्कळदा ईमेल सुधारायला घेतले की काम भाषेचे नसून वेळापत्रकाचे आहे असे दिसते. ‘कोण, कधी’ याचे उत्तर मिळत नसेल तर शब्द बदलून उपयोग नाही. आधी गटात बोलून उत्तर काढावे, मग लिहावे.

चौथी खूण ‘मान्यता प्राप्त न झाल्याने’. मान्यता कोणी द्यायची? कंपनीने. म्हणजे ही सूचना नसून विनंती आहे, आणि ती कारणाच्या आडोशाला दडली आहे. लेबलवर पदार्थाचे नाव, निव्वळ वजन, दळल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे, बॅच क्रमांक, बनवणाऱ्याचा पत्ता आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना किंवा नोंदणी क्रमांक असावा लागतो. कंपनीच्या नावाने विक्री होणार असेल तर तिचा होकार मिळाल्याशिवाय छापता येत नाही. एवढी महत्त्वाची गोष्ट ‘तथापि’च्या मागे जाऊन चालणार नाही.

पाचवी खूण शेवटची, ‘योग्य तो निर्णय घेण्यात येऊन आगाऊ रकमेच्या अदायगीबाबत कार्यवाही होण्यास विनंती’. कोणी भरायचे? कंपनीने. किती? 12,000 रुपये. कधी? धान्य दळण्याआधी, म्हणजे 12 तारखेपर्यंत.

उत्तरे हाती आली की ईमेल जवळजवळ स्वतःच लिहिले जाते:

“विषय: 300 किलो नाचणी पीठ: लेबल 10 तारखेपर्यंत मंजूर करावे, माल 18 ला निघेल

नमस्कार,

तुम्ही मागितलेले 300 किलो नाचणीचे पीठ आम्ही 18 तारखेला पाठवू. गाडी सकाळी पोशेऱ्याहून निघेल आणि दुपारपर्यंत नाशिकला पोहोचेल. धान्य आम्ही साफ केले आहे. दळण 14 तारखेला सुरू करू.

यासाठी आम्हाला तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. सोबत जोडलेला लेबलचा मजकूर कृपया 10 तारखेपर्यंत मंजूर करावा. छापखान्याला पिशव्या छापायला चार दिवस लागतात. आणि ठरलेली निम्मी रक्कम, 12,000 रुपये, 12 तारखेपर्यंत खात्यात भरावी.

लेबल उशिरा मंजूर झाले तर माल तितकेच दिवस उशिरा निघेल. काही विचारायचे असेल तर मला फोन करा.”

शब्द थोडे वाढलेच आहेत. पण वाचायला लागणारा वेळ कमी झाला, कारण परत मागे जाऊन वाचावे लागत नाही. खरेदी अधिकाऱ्याच्या मोबाइलवर ईमेल न उघडता फक्त विषय आणि पहिल्या ओळीचा तुकडा दिसतो. जुन्या ईमेलमध्ये तिथे ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस’ दिसले असते. आता तिथे किती, कधी आणि त्याने काय करायचे, तिन्ही दिसते.

इथे एक व्याकरणाचा बारकावा उपयोगी पडतो. मराठीत भविष्यकाळाचे क्रियापद कर्ता स्वतःबरोबर घेऊन येते. ‘पाठवू’ म्हटले की ‘आम्ही’ लिहिण्याची गरज नसते; ‘सुरू करू’ पुरेसे. भूतकाळात तसे नाही. ‘धान्य साफ केले आहे’ यात ‘केले’ धान्याप्रमाणे चालते, कोणी केले ते क्रियापदावरून कळत नाही. म्हणून झालेल्या कामाविषयी लिहिताना ‘आम्ही’ स्पष्ट लिहावे आणि पुढच्या कामाविषयी लिहिताना तो बिनधास्त गाळावा. सगळ्या वाक्यांत ‘आम्ही, आम्ही’ येऊ लागले की मजकूर आढ्यताखोर वाटतो, अशी तक्रार थेट लिहिणारे करतात. ती या नियमाने सुटते.

‘तुम्ही’ की ‘आपण’ हाही प्रश्न येतो. ‘आपण’ आदरार्थी आहे, पण त्याचा दुसरा अर्थ ‘तुम्ही आणि आम्ही मिळून’ असाही होतो. ‘वाहतुकीचा खर्च आपण करायचा आहे’ यात खर्च कोणाचा? पैसे आणि जबाबदारी आली की ‘तुम्ही’ लिहावे, किंवा सरळ ‘कंपनी’ आणि ‘गट’ लिहावे. अनोळखी माणसाला ‘तुम्ही’ लिहिणे उद्धट नाही. आदर मराठीत अनेकवचनात, ‘कृपया’त आणि क्रियापदाच्या रूपात असतो. ‘मंजूर करा’, ‘मंजूर करावे’, ‘मंजूर कराल का’ ही तीन रूपे तीन वेगवेगळ्या अंतरावरून बोलतात, आणि तिन्ही थेट आहेत. पहिले ओळखीच्या माणसाला, दुसरे लेखी व्यवहारात कोणालाही, तिसरे जिथे समोरच्याला नकार द्यायची मोकळीक आहे तिथे. ‘मंजुरी देण्याबाबत कार्यवाही व्हावी’ याने आदर वाढत नाही, फक्त माणूस गायब होतो.

या सुधारणेचा अतिरेकही होतो. ‘नाम काढा, क्रियापद आणा’ असे ऐकल्यावर काही जण ‘मदत करणे’, ‘फोन करणे’, ‘विचार करणे’, ‘काम करणे’ यांच्याही मागे लागतात. ही मराठीची घडीव क्रियापदे आहेत. त्यांना हात लावू नये. ‘आम्ही पिठाची तपासणी करतो’ आणि ‘आम्ही पीठ तपासतो’ यांतही फार फरक नाही. दोषी ओळखायची खूण अशी की नामावर नाम चढलेले असते: ‘तपासणीची प्रक्रिया पूर्ण करण्याबाबतची कार्यवाही’. मधले ‘ची’, ‘बाबतची’ मोजावेत. एका वाक्यात असे तीन प्रत्यय दिसले की आत एखादे क्रियापद नक्की दबलेले आहे.

आणि कर्ता लपवणे योग्य असते अशाही जागा आहेत. त्यांतली नेहमीची म्हणजे तक्रार. माल पोहोचल्यावर कंपनीने लिहिले, ‘तुम्ही वीस पाकिटे फाटकी पाठवली’, तर ते वाक्य थेट आहे पण कदाचित खोटे आहे. पाकिटे पोशेऱ्यात फाटली, वाटेत, की उतरवताना, हे कोणालाच माहीत नाही. तिथे ‘वीस पाकिटे फाटलेली मिळाली’ हेच अचूक. यात क्रिया आहे, संख्या आहे, आरोप नाही. गटाने त्याला उत्तर देताना मात्र पुन्हा कर्ता आणावा: ‘ही वीस पाकिटे आम्ही पुढच्या गाडीने बदलून देऊ.’ दोष कोणाचा हे अज्ञात ठेवता येते, उपाय कोण करणार हे अज्ञात ठेवता येत नाही.

सरकारी कार्यालयाला लिहितानाही साचा मोडायची घाई करू नये. जव्हारच्या प्रकल्प कार्यालयात किंवा मोखाड्याच्या पंचायत समितीत पत्र आवक नोंदवहीत चढते ते ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ पाहून. ते टेबलावर पोहोचते तेही त्यांच्याच आधारे. त्या दोन ओळी ठेवाव्यात. खालच्या परिच्छेदात मात्र कोणाला काय हवे आहे ते थेट लिहायला कुठलाही नियम आडवा येत नाही.

राहिला आत्मविश्वासाचा प्रश्न. थेट क्रियापदाने लेखक ठाम वाटतो हे खरे, पण ठामपणा आणि फुशारकी यांतली रेषा पावसाळ्यात पुसली जाऊ शकते. पोशेऱ्याहून नाशिकला जायचे तर मोखाडा, तोरंगण घाट, त्र्यंबकेश्वर अशी वाट. जुलैमध्ये घाटात दरड आली तर 18 तारखेचे वचन मोडेल. म्हणून काही जण आधीच ‘शक्यतो लवकरात लवकर रवानगी करण्याचा प्रयत्न करण्यात येईल’ असे लिहितात. याने कोणाचाही विश्वास बसत नाही. अनिश्चितता असेल तर तीही कर्त्यासकट लिहावी: ‘18 तारखेला माल पाठवू. घाट बंद झाला तर रस्ता सुरू होईल त्या दिवशी पाठवू, आणि 18 ला सकाळीच तुम्हाला फोन करून सांगू.’ इथे अट काय, ती घडली तर गट काय करेल आणि खरेदीदाराला कसे कळेल, हे सगळे ठरलेले आहे. खरेदीदाराला हमीपेक्षा हेच जास्त हवे असते, कारण त्याला त्याचे उत्पादन या माहितीवर आखायचे असते.

सर्वांत जास्त कर्ते गायब होतात ते पैसे मागताना. संकोच असतो, समोरचा मोठा असतो, पुढची ऑर्डर जाईल अशी भीती असते. मग ईमेल जाते: ‘थकीत रकमेच्या अदायगीबाबत आपणांस पुनश्च स्मरण करून देण्यात येत आहे.’ कंपनीच्या लेखा विभागात महिन्याला अशी पत्रे ढिगाने येतात. यात बिल नाही, रक्कम नाही, तारीख नाही, म्हणून ते कोणाच्या यादीत चढत नाही. त्याऐवजी:

“आम्ही गेल्या महिन्याच्या 18 तारखेला 300 किलो पीठ पाठवले, त्याच दिवशी तुमच्या गोदामाने पोच दिली. उरलेले 12,000 रुपये तुम्ही 30 दिवसांत, म्हणजे या महिन्याच्या 18 तारखेपर्यंत भरणार होता. आज 24 आहे, रक्कम आलेली नाही. कृपया 30 तारखेपर्यंत भरावी. बिल आणि पोचपावती सोबत जोडली आहे. अडचण असेल तर कोणत्या तारखेला भराल ते कळवावे.”

‘रक्कम आलेली नाही’ हे वाक्य मुद्दाम कर्त्याशिवाय ठेवले आहे. बँकेत अडकली असेल, मंजुरी राहिली असेल; ‘तुम्ही भरली नाही’ म्हणण्याइतकी माहिती गटाकडे नाही. ‘भरणार होता’ आणि ‘भरावी’ यांत मात्र कर्ता स्पष्ट आहे, कारण तो करारात स्पष्ट आहे.

याही ईमेलला उत्तर आले नाही तर दुसऱ्या स्मरणपत्रात कायद्याचे एक वाक्य घालता येते, अर्थात गटाच्या उद्योगाची ‘उद्यम’ पोर्टलवर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदणी असेल तरच. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाप्रमाणे अशा पुरवठादाराचे पैसे खरेदीदाराने ठरलेल्या तारखेला भरायचे असतात, आणि करारात कितीही मुदत लिहिली असली तरी माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या पुढे जाता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. हे लिहितानाही ‘कायदेशीर कार्यवाही करण्यात येईल’ असा धाक नको. त्यात कोण, काय, कुठे, काहीच नसते, आणि लेखा विभाग तो धाक ओळखून असतो. ‘तुम्ही 30 तारखेपर्यंत रक्कम भरली नाही तर आम्ही 1 तारखेला या कायद्याखालच्या सरकारी पोर्टलवर अर्ज दाखल करू’ हे वाक्य शांत आहे. ते पाठवण्याआधी गटाने 1 तारखेला खरोखरच अर्ज करायचा की नाही हे बैठकीत ठरवून घ्यावे, आणि तो कोण भरणार त्या बाईचे नाव इतिवृत्तात लिहून ठेवावे.